तीन आठवड्यांत पूर्ण अ‍ॅनाटॉमी: वेळापत्रक, आणि दोन भाषांतल्या लेबलांचा घोळ

मलप्रभाकाठची

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूसी सायन्स, आता बेळगावात बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. परीक्षेला बरोबर तीन आठवडे उरलेत. अ‍ॅनाटॉमीची दहा युनिटं आहेत, म्हणून प्रत्येकाला दोन दिवस असे वीस दिवस आणि शेवटचा एक दिवस उजळणीला, असं वेळापत्रक केलंय.

जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांवर मी आकृत्या काढते आणि प्रत्येक भागाला दोन लेबलं लावते, इंग्रजी आणि त्याच्या शेजारी मराठी. इंग्रजी शब्दही देवनागरीत लिहिते, भरभर होतं. पण गेल्या अंतर्गत परीक्षेत घोटाळा झाला. माझी रूममेट गोकाकची, तिचं शिक्षण कन्नड माध्यमातून. तिच्या वहीतून मी रक्ताभिसरण उतरवून घेतलं होतं. तिथे 'अभिधमनी' असं होतं, मी ते धमनी समजले आणि व्हेनच्या जागी आर्टरी लिहून आले. एक नाही, आकृतीतल्या चार वाहिन्या उलट्या गेल्या.

दोन भाषांत लेबलं लावणं सोडून द्यावं का? आणि वेळापत्रकात काही चुकतंय का? मोकळेपणाने सांगा.

सीमाभागी

ताई, पाट्या दोन भाषांत हव्यातच. आमच्या गल्लीतल्या दुकानांच्या फलकांवरून किती वर्षं वाद चाललाय ते तुम्हाला माहीतच असेल. मराठी अक्षर दिसलं पाहिजे, त्यात माघार नको. कॉलेजने मराठी लेबल काढायला सांगितलं असेल तर लेखी मागा.

मलप्रभाकाठची

दादा, कॉलेजने काही सांगितलेलं नाही. मी माझ्या अभ्यासाच्या आकृत्यांवरच्या लेबलांबद्दल विचारतेय. परीक्षा इंग्रजीतच आहे.

सीमाभागी

अच्छा, मी शीर्षक वाचून घाईने लिहिलं. माझी पुतणीही नर्सिंगला जाणार आहे, धागा वाचत राहीन.

निपाणीची सिस्टर

बाळ, मी अठरा वर्षं वॉर्डात आहे. माझं सरळ मत सांगते, मराठी लेबलं काढून टाक. पेपर इंग्रजीत, डॉक्टर इंग्रजीत बोलणार, केसपेपर इंग्रजीत. दोन-दोन नावं कशाला डोक्यात भरायची?

आणि आर्टरी-व्हेनचं एकच लक्षात ठेव. आर्टरीत शुद्ध रक्त, व्हेनमध्ये अशुद्ध. व्हेन म्हणजे आपली शीर. एवढं पक्कं असलं की चूक होत नाही.

शवविच्छेदन कक्ष

मी बरीच वर्षं अ‍ॅनाटॉमीच्या डिसेक्शन हॉलमध्ये शिकवलं, आता निवृत्त आहे. माझे निम्मे विद्यार्थी मराठी घरातले आणि निम्मे कन्नड घरातले असायचे, त्यामुळे हा गोंधळ मी शेकडो उत्तरपत्रिकांत पाहिलाय.

आधी सिस्टरबाईंच्या वाक्याबद्दल. शुद्ध-अशुद्ध रक्ताचा नियम बहुतेक ठिकाणी चालतो आणि नेमका परीक्षेत विचारतात तिथे पडतो. पल्मोनरी आर्टरी हृदयातून फुप्फुसाकडे जाते आणि तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. फुप्फुसातून चार पल्मोनरी व्हेन्स डाव्या एट्रियममध्ये येतात, त्यांच्यात ऑक्सिजन भरलेला असतो. नाळेतली अंबिलिकल व्हेनही तशीच. नाव रक्तावरून नाही, दिशेवरून पडतं. हृदयापासून दूर नेते ती आर्टरी, हृदयाकडे आणते ती व्हेन.

आता लेबलं. मुली, तुझी अडचण दोन भाषांची नाही. संस्कृतातून आलेला एकच शब्द आपल्याकडे तीन घरांत तीन अर्थांनी राहतो, ती आहे. कन्नड शास्त्राच्या पुस्तकात आर्टरी म्हणजे अपधमनी आणि व्हेन म्हणजे अभिधमनी. दोन्हीत धमनी आहे. मराठीत धमनी म्हणजे फक्त आर्टरी. तू रूममेटच्या वहीतल्या शब्दाची शेपटी वाचलीस आणि पुढचा उपसर्ग सोडलास.

असे शब्द फार नाहीत, दहा-बारा निघतील. तीन आठवड्यांतला पहिला तास त्यांच्यावर घालव. एका पानावर ते शब्द लिहून त्यांचा अर्थ एकदाच ठरव, आणि पुढे कोणत्याही आकृतीवर ते शब्द वापरूच नकोस.

भावी वैद्य

सर, हा शब्दांचा मुद्दा माझ्यासाठी लाखमोलाचा आहे. मी बी.ए.एम.एस.ला आहे, चिकोडीकडचा. आमच्याकडे उलटी पंचाईत होते. सुश्रुतसंहितेत स्नायु नऊशे आणि पेशी पाचशे सांगितल्यात. शाळेतल्या मराठीत स्नायू म्हणजे मसल आणि पेशी म्हणजे सेल. तिथे मात्र पेशी म्हणजे मसल, आणि स्नायु म्हणजे लिगामेंटसारखे बांधून ठेवणारे भाग. पहिल्या महिन्यात मी 'पाचशे सेल' असं लिहून आलो होतो. मज्जेचंही तसंच. आमच्या ग्रंथात मज्जा हाडाच्या आत असते आणि शाळेच्या पुस्तकात मज्जासंस्था म्हणजे नर्व्हस सिस्टिम.

मलाही असंच वेळापत्रक हवंय. पण आमचं पहिलं वर्षच दीड वर्षाचं आहे, तीन आठवड्यांत बसेल का?

शवविच्छेदन कक्ष

तुमचं वेगळं आहे, बाळ. तुम्हाला संहितेचा अर्थ आणि आधुनिक अर्थ दोन्ही उत्तरात लिहावे लागतात. तीन आठवड्यांत ते बसवू नका. नवा धागा काढा, तिथे लिहीन.

आप्पा नंदगड

मी शिक्षक नाही, शेतकरी माणूस. मुलीला शिकवताना माझं जुनं शाळेचं पुस्तक काढलं तर त्यात हृदयाच्या कप्प्यांना कर्णिका आणि जवनिका लिहिलेलं. मुलीच्या पुस्तकात अलिंद आणि निलय. तिचा शेजारी कन्नड शाळेत जातो, त्याच्याकडे हृत्कर्ण आणि हृत्कुक्षी. एका हृदयाच्या चार कप्प्यांना सहा नावं झाली. पोरगी म्हणाली, आप्पा, मी फक्त वरचा आणि खालचा म्हणते. मला ते पटलं.

शवविच्छेदन कक्ष

आप्पा, तुमच्या मुलीने बरोबर धरलंय. मराठी लेबल लावायचं तर कोशातला शब्द नको. तो इंग्रजीइतकाच परका असतो आणि पाठ करायचं ओझं दुप्पट होतं. घरात बोलतो तो शब्द लाव, नाहीतर तो भाग कुठे आहे आणि काय करतो ते लाव. बायसेप्सला द्विशिरस्क लिहून काय मिळतं? बेटकुळी लिही, हात वाकवला की दिसते. पॅटेला म्हणजे गुडघ्याची वाटी. टिबिया म्हणजे नडगीचं हाड. कॉक्सिक्स म्हणजे माकडहाड. स्कॅप्युला म्हणजे खवाट्याचं हाड. आपल्या बोलीत शरीराची इतकी नावं आहेत की हाडांच्या युनिटात कोश उघडायची गरज पडू नये.

जिथे घरचा शब्द नाही तिथे इंग्रजी नावच फोडायचं. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हा मानेचा स्नायू घे. स्टर्नम म्हणजे छातीच्या मधलं हाड, क्लायडो म्हणजे गळ्याजवळचं क्लॅव्हिकल, मॅस्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा. स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो, हे नावातच आलं. आरशासमोर मान एका बाजूला वळव, समोर दोरीसारखा उठतो तोच.

यातून वेळापत्रकाचा पहिला दोष दिसतो. तुझ्या यादीत हाडं-स्नायूंचं युनिट सातवं आहे ना? अभ्यासक्रमाच्या क्रमाने गेलीस म्हणून तसं झालं. पण फेमोरल आर्टरी, रेडियल पल्स, इंटरकोस्टल नर्व्ह ही नावं हाडांवरून पडलीत. हाडं आधी झाली की रक्तवाहिन्या आणि नर्व्ह्जची अर्धी नावं फुकट मिळतात.

मलप्रभाकाठची

हो सर, सातवंच आहे. तेराव्या-चौदाव्या दिवशी येत होतं.

शवविच्छेदन कक्ष

दुसरा दोष असा की सगळ्यांना समान दोन दिवस दिलेस. अभ्यासक्रमातच तास सारखे नाहीत. एकूण साठ तासांपैकी हाडं-सांधे-स्नायूंना दहा आहेत आणि अंतःस्रावी ग्रंथींना चार. तिसरा दोष मोठा. पहिल्या दिवशी वाचलेलं थेट एकविसाव्या दिवशी पुन्हा बघणार आहेस. तोवर ते पुसलेलं असेल.

मी असं करीन. पहिला दिवस शब्दांचं पान आणि दिशांचा: अँटीरियर, पोस्टीरियर, मिडियल, लॅटरल, प्रॉक्सिमल, डिस्टल. दुसरा ते चौथा हाडं, सांधे, स्नायू. पाचवा श्वसन. सहावा-सातवा हृदय, रक्तवाहिन्या, लिम्फ. आठव्या दिवशी नवीन काही नाही, फक्त मागची सगळी पानं कोरी भरायची. नववा-दहावा पचन, अकरावा मूत्रसंस्था, बारावा-तेरावा नर्व्हस सिस्टिम. चौदावा पुन्हा कोऱ्या पानांचा. पंधरावा ग्रंथी, सोळावा डोळा-कान, सतरावा प्रजनन. अठरा ते वीस जुन्या प्रश्नपत्रिका, युनिटं मिसळून. एकविसाव्या दिवशी फक्त चुकलेली पानं.

आणि रोज सकाळी पहिली वीस मिनिटं कालचं पान आठवून काढायचं, पुस्तक न उघडता.

निपाणीची सिस्टर

सर, पल्मोनरीचं तुम्ही म्हणता ते खरं, मी वॉर्डातल्या सवयीने लिहिलं. पण एक विचारते. तुमच्या पेपरात अ‍ॅनाटॉमी आणि फिजिओलॉजी एकत्र येते ना आता? पंचाहत्तरचा पेपर, सदतीस आणि अडतीस. मग तीन आठवडे नुसती अ‍ॅनाटॉमी करून कसं चालेल? बाकीचे विषय आहेतच.

मलप्रभाकाठची

हो ताई, एकत्रच आहे. फिजिओलॉजीला मी दुपार ठेवलीय, अ‍ॅनाटॉमीला सकाळ. दुपारी वॉर्डात पोस्टिंग असेल तर काय करायचं ते अजून कळत नाहीये.

शवविच्छेदन कक्ष

सिस्टरबाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. ज्या दिवशी हृदय काढशील त्याच दिवशी त्याची फिजिओलॉजी वाच, इतकंच सांगू शकतो. पोस्टिंगच्या दिवसांचं गणित तुझं तुलाच बसवावं लागेल. मी मेडिकलला शिकवलं, तिथे मुलांना असं वॉर्डात पाठवत नसत.

आता पान कसं करायचं ते हृदयावरून सांगतो. पानाच्या पुढच्या बाजूला आकृती आणि फक्त आकडे, एकही शब्द नाही. मागच्या बाजूला आकड्यासमोर इंग्रजी नाव शाईने आणि त्याखाली पेन्सिलने मराठी. दोन भाषा शेजारी-शेजारी लिहिल्यास की डोळा मराठीवर जातो, 'हो, येतंय' असं वाटतं, आणि इंग्रजी शब्द न वाचताच पान उलटतं. परीक्षेत मराठी आठवतं आणि पेन थांबतं.

आकडे रक्ताच्या वाटेने दे. १ सुपीरियर व्हेना केव्हा, २ इन्फीरियर व्हेना केव्हा, ३ उजवं एट्रियम, ४ ट्रायकस्पिड झडप, ५ उजवं व्हेंट्रिकल, ६ पल्मोनरी झडप, ७ पल्मोनरी आर्टरी, मग फुप्फुस फिरून ८ पल्मोनरी व्हेन्स, ९ डावं एट्रियम, १० मायट्रल, ११ डावं व्हेंट्रिकल, १२ एऑर्टिक झडप, १३ एऑर्टा. वाटेत नसलेले तीन शेवटी: १४ दोन व्हेंट्रिकलमधला पडदा, १५ कॉर्डी टेंडिनी, १६ पॅपिलरी स्नायू. एकूण सोळा.

तपासताना चुकांवर तीन वेगळ्या खुणा कर. जागाच माहीत नव्हती तिथे फुली. जागा कळली, मराठीत सांगता आलं, पण इंग्रजी नाव आलं नाही तिथे गोल. नाव आलं पण स्पेलिंग चुकलं तिथे खालून रेघ. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. फुली असेल तर पुन्हा वाच. गोल असेल तर वाचू नकोस, नुसतं नाव पाच वेळा आठवून लिही. सगळ्यावर एकच उपाय, पुन्हा वाचन, केला की तीन आठवडे असेच जातात.

मलप्रभाकाठची

सर, आज हृदयाचं कोरं पान भरून बघितलं. सोळापैकी नऊ बरोबर. दोन फुल्या, एक गोल, आणि चार गोष्टी अशा की तुमच्या कोणत्याच खुणेत बसेनात. डावं-उजवं उलटं झालं. पानाच्या डाव्या बाजूला मी डावं एट्रियम लिहिलं.

शवविच्छेदन कक्ष

त्यासाठी चौथी खूण कर, बाण. ही पहिल्या दिवसाची चूक सहाव्या दिवशी वर आली. आकृतीतला माणूस तुझ्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे तुझ्या डाव्या हाताला त्याची उजवी बाजू येते. प्रत्येक आकृती सुरू करण्याआधी पानाच्या डाव्या कोपऱ्यात मोठं इंग्रजी आर लिही. मग दुसरं काही.

निपाणीची सिस्टर

बाळ, मी मराठी लेबलं काढ म्हणाले होते, त्यावर विचार केला. एक गोष्ट आठवली म्हणून लिहिते.

वॉर्डात रोज ऐकते, 'सिस्टर, शीर सापडत नाही.' तिथे शीर म्हणजे व्हेन, सलाईनसाठी. आणि एकदा एक आजोबा आले, बाहेर कुठेतरी कुल्ल्यावर इंजेक्शन घेतलं होतं, तेव्हापासून पाय ओढत चालत होते. म्हणाले, 'शीर दुखावली.' ती शीर म्हणजे सायटिक नर्व्ह. इंजेक्शन वरच्या बाहेरच्या भागात द्यायचं सोडून आतल्या बाजूला दिलं असणार. शब्द एकच, पण एका वेळी नळी आणि एका वेळी नर्व्ह. 'व्हेन म्हणजे आपली शीर' हे माझंच वाक्य मी मागे घेते. शब्दांच्या पानावर शीर सगळ्यात वर लिही.

आणि नस हा शब्दही तसाच. लोक तिन्हीला नस म्हणतात, व्हेन, नर्व्ह आणि टेंडन.

शवविच्छेदन कक्ष

याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. घरचा शब्दच फसवतो तिथे मात्र कोशातला चालेल: नर्व्हला चेता लिही, व्हेनला नीला, टेंडनला कंडरा. शीर आणि नस पेशंटच्या तोंडून ऐकायचे शब्द, पानावर नकोत. पाचव्या ओळीत गुल्म लिही. कन्नडमध्ये गुल्म म्हणजे स्प्लीन, आपली पांथरी. आयुर्वेदात गुल्म म्हणजे पोटातल्या गोळ्याचा आजार. रूममेटच्या वहीत पचनाच्या पानावर तो शब्द येईल.

भावी वैद्य

काळीजही घाला. घरी काळीज धडधडतं म्हणतो तेव्हा ते हृदय. मटणाच्या दुकानात तोच शब्द लिव्हरला.

मलप्रभाकाठची

लिहून घेतले सगळे. रूममेटनेही एक सांगितला. कन्नडमध्ये मंडी म्हणजे गुडघा. मी तिच्या 'मंडी' शब्दाला मांडी समजून फीमर दाखवत होते आणि ती पॅटेला विचारत होती! मांडीला ते तोडे म्हणतात.

निपाणीची सिस्टर

आमच्या वॉर्डात गुडघ्याला मोणकाल जास्त ऐकू येतं, पण मंडीही म्हणतात. पेशंटला बोटाने दाखवायला सांगायचं, मग शब्द कोणताही असो.

शवविच्छेदन कक्ष

अजून एक राहिलं, आणि ते तुझ्या पहिल्याच पोस्टमध्ये होतं. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिते म्हणालीस. ते आजच बंद कर. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचं नाव इलियम आणि कंबरेच्या हाडाचं नावही इलियम. देवनागरीत दोन्ही अगदी एकसारखे. रोमन लिपीत आतड्याच्या इलियममध्ये मधे ई आहे, हाडाच्या इलियममध्ये आय. उत्तरपत्रिकेत आतड्याच्या जागी हाड लिहिलं की परीक्षक स्पेलिंगची चूक मानत नाही, भागच चुकला असं धरतो. पायातल्या पेरोनियल आणि दोन मांड्यांच्या मधल्या पेरिनियलचंही तेच. देवनागरीत एका मात्रेचा फरक, घाईत दिसतही नाही.

मलप्रभाकाठची

म्हणजे झालेली सगळी पानं पुन्हा लिहायची?

शवविच्छेदन कक्ष

नाही. जसजसं कोरं पान भरशील तसतसं मागच्या बाजूचं रोमनमध्ये कर. वेगळा दिवस देऊ नकोस.

आप्पा नंदगड

सर, माझ्या मुलीला कन्नडही लिहायला लावू का तिसऱ्या ओळीत? पुढे नोकरी इथेच करायची तर पेशंट कन्नड बोलणारच.

निपाणीची सिस्टर

लावा. मला तर नोकरी लागल्यावर शिकावं लागलं, फार त्रास झाला.

शवविच्छेदन कक्ष

माझं मत वेगळं आहे. या तीन आठवड्यांत तिसरी ओळ नको, ती परीक्षेनंतर. पण सिस्टरबाई वॉर्डात आहेत आणि मी नाही, त्यामुळे जोर देत नाही.

मलप्रभाकाठची

आठवा दिवस झाला. हृदयाचं पान पुन्हा कोरं भरलं, सोळापैकी चौदा. कोपऱ्यात आर लिहिल्यावर डावं-उजवं एकदाही चुकलं नाही. दोन्ही चुका गोल आहेत. कॉर्डी टेंडिनी मला 'झडपेच्या दोऱ्या' म्हणून लगेच आठवतं आणि इंग्रजी नाव येतच नाही.

कन्नडचं असं केलं. मी माझ्या पानावर लिहिलं नाही, पण रूममेट तिच्या पानाच्या मागे कन्नड लिहिते आणि रात्री आम्ही पानं बदलतो. मी तिला आकडा विचारते, ती इंग्रजीत सांगते, मग ती मला. काल तिला गुल्म विचारला तर ती हसून म्हणाली, स्प्लीन, आणि मराठीत काय ते तू सांग.

उद्या पचन. यकृत आणि पांथरी कोणत्या बाजूला, ते आर लिहिल्यावर बघते.